सर्व्हेतला मधला ऑप्शन ठेवायचा की उडवायचा? आणि उडवला तर आकडे जातात कुठे

आमच्या सोसायटीत मागे एक सर्व्हे झाला. विषय साधा होता, पार्किंगमधे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट सोसायटीच्या फंडातून बसवायचे का. फॉर्म कमिटीने स्वतःच बनवला, मी सर्व्हेच्याच धंद्यात आहे हे माहीत असून मला कुणी विचारलं नाही, असो. त्यात चारच ऑप्शन होते, पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. सेक्रेटरी काकांना जिन्यात गाठून म्हटलं, काका मधला ऑप्शन कुठे गेला? तर म्हणाले, "अरे मधला दिला की सगळे तिथेच जाऊन बसतात, मग निर्णय काय कप्पाळ घेणार?"

रिझल्ट आला, निम्म्याहून जास्त लोक सहमतच्या बाजूला, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी वगैरे. मग सर्वसाधारण सभेत ठराव आला आणि हात वर करायला माणसं मिळेनात. विरोधवाले जे होते ते होतेच, पण पाठिंबावाल्यांतले बरेच खुर्चीत नुसते बसून. काका वैतागले, म्हणे लोक फॉर्मवर एक लिहितात आणि सभेत एक वागतात. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांच्या मनातलं उत्तर फॉर्मवर छापलेलंच नव्हतं, म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात बरं दिसेल ते टिक करून विषय संपवला.

तर हेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालतो. तुमचा सर्व्हे कॉलेजच्या प्रोजेक्टचा असो की ऑफिसातल्या ट्रेनिंगच्या फीडबॅकचा, हिशोब तोच आहे.

आधी बघा मधे नक्की बसतंय कोण

रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मधे ही सहमत-असहमत वाली पद्धत मांडली, आपण ज्याला लिकर्ट स्केल म्हणतो ती. त्याच्या पाच पायऱ्यांत मधली पायरी होती "अनिश्चित", म्हणजे अजून ठरलं नाही. आज आपण तिथे "तटस्थ" लिहितो आणि दोन्ही एकच समजतो, पण ठरलं नसणं वेगळं आणि ठरवून मधे उभं राहणं वेगळं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

चार्जिंग पॉइंटवर मधे टिक करणारे लोक डोळ्यासमोर आणा. एक वहिनी आहेत, त्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांना खरंच काही फरक पडत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत, त्यांना पॉइंट हवेत पण पैसे वापरणाऱ्यांनी द्यावेत असं वाटतं, म्हणजे त्यांचं मत चांगलं पक्कं आहे, फक्त "हो पण" असं आहे. नवीन राहायला आलेलं एक जोडपं, त्यांना खर्च किती, लोड किती, काहीच कळलेलं नाही. आणि एखादा असा ज्याने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि खरंच काटा मधे आला. हे चौघं एकाच खान्यात टिक करतात आणि तुमच्या शीटमधे चौघांसमोर "३" लागतो.

आता मधला खाना काढून टाका. वहिनी कुठे जातील? बहुतेक "सहमत", कारण शेजाऱ्यांचं भलं होत असेल तर आपण कशाला नाही म्हणा. हो-पण-वाले गृहस्थ वैतागून "असहमत" करतील. नवीन जोडपं फॉर्म अर्धवट सोडेल किंवा पहिला ऑप्शन दाबून मोकळं होईल. काटा मधे आलेला माणूस नाणं उडवल्यासारखं काहीतरी करेल. चार वेगळ्या कारणांनी चार वेगळ्या उड्या, आणि तुम्हाला दिसणार फक्त सहमत-असहमतचे आकडे, कुठली उडी कशामुळे हे कळायला काही मार्गच नाही. म्हणून "ठेवू की काढू" च्या आधी विचारायचा प्रश्न हा, की माझ्या विषयावर मधे बसणारे बहुतांश लोक यातले कुठले असणार? फॉर्म बनवायच्या आधी आठ-दहा जणांशी नुसतं बोललात तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यांना प्रश्न वाचून दाखवा, उत्तर घ्या आणि लगेच विचारा, हे का निवडलं? बाकी काही नको.

यावर ब्रिटनमधे स्टर्जिस आणि सहकाऱ्यांनी छान काम केलंय, २०१४ मधे छापून आलं. ज्यांनी "सहमतही नाही असहमतही नाही" म्हटलं त्यांना लगेच पुढचा प्रश्न विचारला, की तुमचं मत खरंच मधलं आहे की या विषयावर मतच नाहीये? बहुसंख्य लोक दुसऱ्या गटातले निघाले, म्हणजे "मला माहीत नाही" असं तोंडाने म्हणायला लाज वाटते म्हणून मधल्या खान्याचा आडोसा. हे वाचल्यापासून मी कुठल्याही रिपोर्टमधे "३० टक्के लोक तटस्थ" असं वाचलं की आधी तिथेच थांबतो.

कुठे काढायचाच नाही, कुठे चालतो काढला

प्रश्न जर "वाढवा की कमी करा" टाइपचा असेल, म्हणजे मेंटेनन्स वाढवावा, आहे तेवढाच ठेवावा, की कमी करावा, तर मधला पर्याय हे एक पूर्ण, खरंखुरं मत आहे. आहे तसं चालू द्या. तो काढणं म्हणजे निवडणुकीतला एक उमेदवारच पळवणं झालं. अमेरिकेत हॉवर्ड शुमन आणि स्टॅनली प्रेसर यांनी असे प्रश्न दोन-दोन प्रकारे विचारून पाहिले, त्यातला एक घटस्फोटाबद्दल होता, घटस्फोट घेणं आतापेक्षा सोपं करावं की अवघड करावं. एका गटाला "आहे तसंच ठेवावं" हा पर्याय दिला, दुसऱ्याला दिला नाही. न दिलेल्या गटात काही लोकांनी आपणहून "आहे तसंच" म्हटलं, पण दिलेल्या गटात असं म्हणणारे कितीतरी जास्त होते. म्हणजे लोकांच्या मनात असतं पण छापलेलं नसेल तर बहुतेक जण बोलत नाहीत, समोर जेवढे ऑप्शन तेवढेच जग असं धरून चालतात.

प्रश्न "किती" वाला असेल तर मात्र मधला हा विषयच नाही. किती वेळा वापरता, किती उपयोगी वाटलं, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. ही एकाच दिशेने चढणारी शिडी आहे, तिच्यात तटस्थ नावाची पायरी नसते, "थोडंफार" असतं आणि ते सरळ एक प्रमाण आहे. बरेच फॉर्म इथे "खूप उपयोगी, उपयोगी, तटस्थ, थोडं उपयोगी, निरुपयोगी" असं काहीतरी करून ठेवतात, त्यात तटस्थ हे थोडं उपयोगीच्या वर का आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि काढलेला चालतो केव्हा? उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला त्या गोष्टीचा स्वतःचा अनुभव असेल, आणि तुम्हाला फक्त झुकाव कुणीकडे आहे तेवढाच हवा असेल तेव्हा. आज दुपारी कँटीनमधे जेवलेल्या माणसाला जेवण आवडलं की नाही हे चार पायऱ्यांत विचारलं तर फार बिघडत नाही, तो जेवलाय, त्याला माहीत आहे. चार्जिंग पॉइंटवर तसं नाही, तिथे अर्ध्या लोकांकडे इलेक्ट्रिक गाडीच नसणार.

एक सूचना फुकटची: तुम्हाला हो-नाही असा निर्णयच हवा असेल तर सरळ मतदान घ्या, ठराव लिहा आणि हो किंवा नाही विचारा. मत मोजायच्या स्केलमधला एक खाना पाडून त्याचं मतदान होत नाही.

मधल्या खान्याला मराठीत नाव काय द्यायचं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी फॉर्ममधे निम्मं वाटोळं या एका शब्दाने होतं.

"तटस्थ" हा शब्द पेपरात वाचायला ठीक, पण त्यात एक भूमिका आहे. मतदानाच्या वेळी तटस्थ राहिले, असं आपण म्हणतो, म्हणजे मुद्दाम कुणाच्या बाजूने गेले नाहीत. ज्या वहिनींना काही फरकच पडत नाही त्या स्वतःला तटस्थ म्हणणार नाहीत. "ना सहमत ना असहमत" हे तर बोलून दाखवायची वेळ आली की कळतं. एकदा फील्डवर एका आजींना मी हे वाचून दाखवलं, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगं हे काय म्हणतायत, हो म्हणायचंय का नाही?" सून हसायला लागली, मी पण हसलो, आणि आजींनी शेवटी सांगितलं, "चालतंय की." आता हे "चालतंय की" कुठल्या खान्यात टाकायचं? मी त्या दिवशी मधे टाकलं. संध्याकाळी आमच्या टीममधल्या दुसऱ्या मुलाने भरून आणलेले फॉर्म बघितले तर त्याने असंच उत्तर "सहमत" मधे टाकलं होतं. एकच वाक्य, दोन माणसं, दोन खाने.

तसाच "ठीक आहे". समाधानाच्या स्केलवर, म्हणजे सर्व्हिस कशी वाटली वगैरे, बरेच लोक मधे "ठीक" लिहितात. पण मराठीत ठीक म्हणजे मधलं नव्हे. कुणाला विचारलं जेवण कसं होतं आणि तो म्हणाला "ठीक होतं", तर आपण समजतो की फारसं जमलं नाही. तेच "तब्येत कशी आहे" ला "ठीक आहे" म्हटलं तर सगळं बरं आहे. म्हणजे विषयाप्रमाणे त्याचा झुकाव बदलतो आणि तुमचं मधलं मधे राहतच नाही.

मग लिहायचं काय? मी सध्या जे वापरतो ते सांगतो. सहमत-असहमत प्रश्नात मधे "काही अंशी सहमत, काही अंशी असहमत" असं लिहितो, त्याने हो-पण-वाल्यांना त्यांची जागा मिळते. आणि त्याच्यापासून वेगळं, खाली जागा सोडून, "मला याबद्दल पुरेशी माहिती नाही" आणि "माझा याच्याशी संबंध येत नाही" असे दोन खाने. लांबलचक आहे, मोबाइलवर दोन ओळी खातं, पण प्रत्येकाला आपापली खुर्ची मिळते. हे दोन खाने पाच पायऱ्यांच्या रांगेत मात्र घालायचे नाहीत, नाहीतर लोकांना वाटतं स्केल सात पायऱ्यांचं आहे आणि त्यांच्या नजरेतला मध्यच सरकतो. मोजतानाही यांना आकडा द्यायचा नाही, वेगळे मोजायचे.

गूगल फॉर्मची रेघेवरची स्केल वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथे फक्त दोन टोकांना नावं देता येतात, मधे नुसते आकडे. मग ३ म्हणजे काय हे ज्याने त्याने ठरवायचं. आणि १ ते १० दिलंत तर लोक ५ ला मध समजून टिक करतात, पण त्या स्केलचा मध ५ आणि ६ च्या मधे पडतो, म्हणजे मधे बसायला गेलेला माणूस नकळत नकाराच्या बाजूला अर्धी पायरी घसरला. मध हवा असेल तर ० ते १० ठेवा, तिथे ५ खरंच मधे आहे. नाहीतर सरळ शब्दांचे ऑप्शन द्या, मला तेच बरं वाटतं.

आता करून बघायचं: अर्ध्यांना पाच, अर्ध्यांना चार

वाद घालण्यापेक्षा आपल्याच लोकांवर तपासून बघणं सोपं आहे. शुमन-प्रेसरनी केलं तेच, लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला मधल्यासकट फॉर्म, दुसऱ्याला मधल्याशिवाय, बाकी शब्द न् शब्द सारखा.

गट पाडताना लोक हमखास माती खातात. सोसायटीत सगळ्यात सोपं वाटतं की सम नंबरच्या फ्लॅटला एक आणि विषमला दुसरा फॉर्म. पण आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर ०१ आणि ०३ हे मोठे फ्लॅट आहेत आणि ०२, ०४ छोटे, म्हणजे सम-विषम केलं की एका गटात दोन गाड्यावाली घरं आणि दुसऱ्यात दुचाकीवाली, मग फरक स्केलमुळे की गाड्यांमुळे हे देवालाच ठाऊक. विंगप्रमाणे केलं तरी तेच रडगाणं. म्हणून शीटमधे फ्लॅटची यादी घ्या, शेजारच्या कॉलममधे हे टाकून खाली ओढा:

```
=RAND()
```

मग तो कॉलम कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, कारण नाहीतर शीट हलली की आकडे पुन्हा बदलतात आणि कोण कुठल्या गटात होतं याचा पत्ताच राहत नाही (हा अनुभव आहे, विचारू नका). त्या आकड्यांवर यादी लावून घ्या, वरचे अर्धे पहिल्या फॉर्मला, खालचे अर्धे दुसऱ्याला. लिंक ज्याची त्याला वेगळी पाठवायची, ग्रुपवर टाकायची नाही, टाकलीत की संपलं.

आता समजा ४०० घरं आहेत, २०० ला पाच पायऱ्यांचा फॉर्म गेला. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, पण असे प्रयोग साधारण ज्या वळणाने जातात तसेच ठेवलेत. पाचवाल्या गटात पूर्ण सहमत २४, सहमत ५६, मधे ६०, असहमत ४०, पूर्ण असहमत २०. चारवाल्या गटात पूर्ण सहमत २६, सहमत ८२, असहमत ६२, पूर्ण असहमत २२, आणि ८ जणांनी फॉर्म भरलाच नाही.

आधी काकांच्या नजरेने बघा. पहिल्या गटात पाठिंबा २०० पैकी ८०, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्यात १९२ पैकी १०८, म्हणजे ५६ टक्के. एका फॉर्मवर प्रस्ताव पडतोय, दुसऱ्यावर दणक्यात पास होतोय, आणि एकाही माणसाचं मत बदललेलं नाही. ते ८ जण तर चित्रातच नाहीत, कारण प्रश्नावर लाल चांदणी लावून सक्ती केली असेल तर उत्तर सुचत नसलेला माणूस फॉर्म सबमिटच करत नाही, आणि गोल चार्ट आलेल्या उत्तरांचाच निघतो. म्हणून किती जणांना लिंक पाठवली तो आकडा लिहून ठेवा, दोन्ही गटांत किती परत आले याची तुलना करा, मधला काढल्याचा पहिला परिणाम बऱ्याचदा तिथेच दिसतो.

आता जरा वेगळं बघा. मधले सोडून, ज्यांनी बाजू घेतली त्यांच्यात पाठिंब्याचं प्रमाण किती? पहिल्या गटात १४० पैकी ८०, म्हणजे ५७ टक्के. दुसऱ्यात १९२ पैकी १०८, ५६ टक्के. जवळजवळ सारखं! शुमन-प्रेसरनाही बहुतेक प्रश्नांत हेच दिसलं होतं, मधला पर्याय दिला की तो घेणाऱ्यांची टक्केवारी बरीच वाढते पण उरलेल्यांत हो आणि नाही यांचं एकमेकांशी प्रमाण फारसं हलत नाही. मधले लोक काढल्यावर साधारण त्याच प्रमाणात दोन्हीकडे वाटले जातात.

आणि ते गेले कुठे तेही बघा. पूर्ण सहमत २४ चे २६ झाले, पूर्ण असहमत २० चे २२. टोकं जागेवरच. सगळी भर सौम्य खान्यांत, ५६ चे ८२ आणि ४० चे ६२. हे साहजिकच आहे, ज्याला मुळात फारसं पडलेलं नाही तो ढकलला तरी जवळच्याच पायरीवर उतरणार. म्हणून चार पायऱ्यांच्या सर्व्हेतलं साधं "सहमत" हे पाच पायऱ्यांच्या "सहमत" पेक्षा पातळ असतं, त्यात बरंच पाणी असतं. सभेत हात वर न करणारे आमचे लोक या पाण्यातलेच. तुमच्या हातात फक्त चार पायऱ्यांचा जुना रिझल्ट असेल तर मी म्हणेन दोन्ही टोकांचे खाने आधी बघा, त्यांच्यावर मधला असण्या-नसण्याचा परिणाम कमी होतो.

सरासरीची एक वेगळीच गंमत. पूर्ण असहमतला १ धरून वर मोजत गेलं तर पाचवाल्यांची सरासरी येते ३.१२, चारवाल्यांची २.५८. कुणी हे ५ पैकी आणि ४ पैकी असे टक्के काढतं, ६२ आणि ६५ येतात, म्हणजे मत सुधारलं म्हणे. हे चूक आहे कारण दोन्ही स्केल १ पासून सुरू होतात, ० पासून नाही. दोन्ही ० ते १०० वर आणायचे तर आधी १ वजा करायचा आणि मग पायऱ्यांमधल्या अंतरांनी भागायचं, पाचाला ४ ने, चाराला ३ ने. पाचवाल्यांच्या उत्तरांचे आकडे B कॉलममधे आणि चारवाल्यांचे C मधे असतील तर:

```
=(AVERAGE(B2:B201)-1)/4*100
=(AVERAGE(C2:C193)-1)/3*100
```

पहिलं येतं ५३.०, दुसरं ५२.८. फरक काहीच नाही, जो नव्हताच.

हे प्रमाण नेहमी सारखं राहतं असं मात्र धरू नका

वर मी "साधारण त्याच प्रमाणात" म्हटलं, पण जिथे एक उत्तर सभ्य वाटतं आणि दुसरं उद्धट, तिथे मधले लोक एकाच बाजूला जास्त सांडू शकतात. गंमत म्हणजे कुठल्या बाजूला याचाही नियम नाही. इंग्लंडमधे वूस्टर आणि बर्न्स यांना १९७५ मधे मधला काढल्यावर लोक चांगल्या बाजूला जास्त गेलेले दिसले, आणि न्यूझीलंडमधे रॉन गारलँडला १९९१ मधे उलट, नकारात्मक बाजूला. गारलँडचं म्हणणं असं की समोर विचारणारा माणूस असला की लोक त्याला बरं वाटावं म्हणून बोलतात, आणि मधला पर्याय ही त्यांची नाराजी लपवायची जागा असते, ती काढली की नाराजी बाहेर येते.

आपल्याकडे मला दोन्ही दिसतात. ट्रेनिंगच्या फीडबॅकमधे, फॉर्मवर नाव लिहायचं असेल आणि सर समोरच उभे असतील तर मधला काढलेल्या फॉर्मवर सगळे "चांगलं" कडे पळतात. त्याच लोकांना नाव न लिहिता दुसऱ्या दिवशी लिंक पाठवली तर मधले बरेचसे खाली येतात. म्हणून मधला काढायचाच असेल तर निदान हे बघा की उत्तर देणाऱ्याला कुणाची भीड पडणार नाही.

आणि वरच्या ४०० घरांच्या प्रयोगाची मर्यादा पण सांगतो, नाहीतर लोक ५७ आणि ५६ बघून "सिद्ध झालं" म्हणतील. एवढ्या लोकांत, बाजू घेणाऱ्यांच्या प्रमाणात साधारण ११ टक्क्यांच्या आतला फरक हा निव्वळ चिठ्ठ्यांचा खेळ असू शकतो. म्हणजे ५७ च्या जागी ६४ आले असते तरी मधले एका बाजूला सांडले असं छातीठोक म्हणता आलं नसतं. पण ४० चे ५६ हा फरक १६ चा आहे, तो मात्र एवढ्या लोकांतही योगायोगाने सहसा येत नाही. ३० जणांच्या वर्गात हा प्रयोग करून काही हाती लागणार नाही, तिथे सरळ बोलून विचारा.

मी स्वतः काय करतो

मधला ठेवतो आणि मधे टिक करणाऱ्यालाच एक प्रश्न जास्त विचारतो. गूगल फॉर्ममधे उत्तरावरून पुढच्या सेक्शनला पाठवायची सोय आहे, मधला निवडला की एक छोटा सेक्शन उघडतो, "यातलं तुमच्या जवळचं काय?" आणि खाली चार ओळी: मला फरक पडत नाही, अटींवर चालेल, माहिती पुरेशी नाही, दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. ज्यांनी बाजू घेतली त्यांना हे दिसतच नाही, म्हणून फॉर्म लांब वाटत नाही.

समजा त्या ६० मधले २६ फरक पडत नाही म्हणाले, १८ अटींवर, १० माहिती नाही, ६ सारखंच. आता कमिटीच्या हातात काहीतरी आहे. १८ जणांना अट काय ते विचारायचं (बहुतेक खर्च वापरणाऱ्यांनी द्यावा हीच निघेल), १० जणांना वायरिंगच्या लोडचं आणि खर्चाचं एक पानी पत्रक द्यायचं, आणि २६ जणांच्या मागे लागायचंच नाही. चार पायऱ्यांच्या फॉर्मवर हेच ६० लोक २८ पाठिंबा, २४ विरोध आणि ८ गायब असे विरघळून गेले असते.

अटी वगैरे नको, फक्त झुकतं माप कुणीकडे एवढंच हवं असेल तर मधल्यांना विचारा, "एकच बाजू घ्यायचीच झाली तर कुणीकडे जाल?" आणि तिथेही "सांगता येत नाही" ठेवा. अमेरिकेत निवडणुकीच्या अभ्यासात हे कित्येक वर्षं करतात, जो म्हणतो मी कुठल्याच पक्षाचा नाही त्याला विचारतात की मग त्यातल्या त्यात जवळचा कुठला. यात फायदा असा की मधल्यासकटचे आकडेही हातात राहतात आणि मधल्याशिवायचेही, आणि झुकलेले कोण, आपणहून उभे राहिलेले कोण हे वेगळं दिसतं. रिपोर्टमधे त्यांना एकत्र मिसळायचं नाही, नाहीतर फिरून काकांच्याच ५६ टक्क्यांवर येऊ.

एक शेवटची अडचण, जी ऑफिसातल्या लोकांना हमखास येते. गेल्या वर्षीचा सर्व्हे पाच पायऱ्यांचा होता आणि यंदा कुणीतरी वरून सांगितलं की मधला काढा. काढलात तर यंदाचे "समाधानी" एका रात्रीत वाढतील आणि तो वाढलेला आकडा प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर जाईल. साहेबांना नाही म्हणता येत नसेल तर निदान यंदा चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना जुना फॉर्म द्या. जुन्या फॉर्मवाल्या अर्ध्यांची तुलना गेल्या वर्षाशी, आणि यंदाच्या दोन अर्ध्यांची तुलना आपसात. पहिल्यातून खरंच काय बदललं ते कळेल, दुसऱ्यातून नुसता खाना काढल्याने काय वाढलं ते. तेही जमत नसेल तर गेल्या वर्षीच्या आकड्यांतून मधले वगळा, दोन्ही वर्षांची फक्त बाजू घेणाऱ्यांमधली टक्केवारी शेजारी शेजारी लावा, आणि खाली तळटीप टाका की यंदा पर्याय बदललेत. तळटीप कुणी वाचत नाही हे मलाही माहीत आहे, पण पुढच्या वर्षी आकडा घसरला की तीच शोधत येतात.

आमच्या काकांनी मग दुसरा फॉर्म माझ्याकडून करून घेतला, मधल्यासकट. रिझल्ट बघून म्हणाले, "म्हणजे लोकांना पॉइंट हवेत, पण मीटर वेगळं हवंय." म्हटलं हो काका. "मग हे आधी का नाही सांगितलं लोकांनी?" मी त्यांना जुना फॉर्म परत उघडून दाखवला, चार गोल, मीटरबद्दल काही लिहायला एक ओळही नाही.